ओईईच्या शिटमध्ये कामगिरी दर वारंवार १०० टक्क्यांच्या वर जातो तेव्हा

उत्पादन लाइनची कार्यक्षमता मोजणाऱ्या शिटमध्ये प्रत्येक पाळीची उपलब्धता, कामगिरी आणि गुणवत्ता असे तीन दर काढून त्यांच्या गुणाकारातून एकच ओईई गुण, म्हणजे उपकरणांच्या एकूण परिणामकारकतेचा आकडा, काढला जातो. या शिटबद्दल माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार अशी, की कामगिरी दर अधूनमधून १०४, १०८, कधी ११५ टक्के दाखवतो. यंत्र स्वतःच्या आदर्श गतीपेक्षा वेगाने चालू शकत नाही, त्यामुळे आकडा चुकीचा आहे हे सर्वांनाच कळते. पण तो कुठे चुकला हे शोधण्याऐवजी बहुतेक ठिकाणी सूत्राभोवती `MIN(1, …)` लावून दर १०० टक्क्यांवर अडवला जातो. त्यानंतर शिट नीटनेटकी दिसते, परंतु गुण खरोखर चुकू लागतो तो तिथूनच. मी ज्या कारखान्यात काम केले, तिथल्या एका प्रेस लाइनवर हीच अडवणूक जवळपास वर्षभर टिकून राहिली होती. तिथल्या एका रात्रपाळीचे आकडे घेऊन दुरुस्तीचा मार्ग सांगतो.

आधी शिटची मांडणी पाहू. पाळीच्या ओळीत `A2` मध्ये नियोजित उत्पादन वेळ मिनिटांत, `B2` मध्ये बंद वेळ मिनिटांत, `C2` मध्ये एका नगाचा आदर्श सायकल टाइम सेकंदांत, `D2` मध्ये एकूण नग आणि `E2` मध्ये चांगले नग आहेत. पाळी ४८० मिनिटांची असून त्यातली ३० मिनिटे जेवणाच्या सुट्टीची आहेत, म्हणून नियोजित वेळ ४५० मिनिटे. सूत्रे अशी:

```
उपलब्धता   =(A2-B2)/A2
कामगिरी    =(C2*D2/60)/(A2-B2)
गुणवत्ता    =E2/D2
थेट गुण     =(C2*E2/60)/A2
```

चौथे सूत्र बऱ्याच शिटमध्ये नसते, आणि माझ्या मते तेच सर्वांत उपयोगी आहे. पहिल्या तिन्ही दरांचा गुणाकार केला, तर चालू वेळ म्हणजे `A2-B2` ही राशी उपलब्धतेच्या अंशात आणि कामगिरीच्या छेदात येते व छाटली जाते. एकूण नगांचेही तसेच होते. मागे उरतात ते चांगल्या नगांना लागणारा आदर्श वेळ आणि नियोजित वेळ. याचा अर्थ असा, की बंद वेळेची नोंद कितीही चुकली तरी ओईईचा गुण बदलत नाही. उपलब्धता जितक्या पटीने खाली जाते, तितक्याच पटीने कामगिरी वर जाते. हे एकदा लक्षात आले, की १०८ टक्क्यांकडे पाहण्याची दृष्टीच बदलते, कारण तो आकडा गुण बिघडल्याचे सांगत नसून, गुणाची वाटणी दोन दरांमध्ये चुकीची झाली असावी असे सुचवतो. मात्र ही छाटणी कामगिरीला अडवलेले नसेल तोवरच होते.

त्या रात्रपाळीत ७२० नग निघाले व त्यांतले ७०२ चांगले होते. शिटमध्ये आदर्श सायकल टाइम ३० सेकंद भरलेला होता आणि बंद वेळेच्या नोंदींची बेरीज ११७ मिनिटे होती. म्हणजे चालू वेळ ३३३ मिनिटे आणि उपलब्धता ७४ टक्के झाली. ७२० नगांना ३० सेकंदांनी ३६० मिनिटे लागायला हवीत, ती ३३३ मिनिटांत बसवल्यामुळे कामगिरी १०८.१ टक्के आली. गुणवत्ता ९७.५ टक्के होती. तिघांचा गुणाकार ७८ टक्के येतो आणि थेट गुणही ३५१ भागिले ४५०, म्हणजे ७८ टक्केच येतो. अडवणूक लावल्यावर मात्र शिट ७४ गुणिले १०० गुणिले ९७.५ करून ७२.२ टक्के दाखवत होती. जवळपास सहा टक्क्यांचा हा फरक यंत्रातून आलेला नव्हता. तो केवळ `MIN` मुळे निर्माण झाला होता.

या फरकाचा माणसांवर होणारा परिणाम मला अधिक गंभीर वाटतो. कामगिरी १०० वर अडवलेली असताना एखाद्या ऑपरेटरने बंद वेळेचे आणखी एक मिनिट प्रामाणिकपणे नोंदवले, तर उपलब्धता घसरते, पण कामगिरी तिची भरपाई करू शकत नाही, म्हणून त्याच्या पाळीचा गुण खाली येतो. याउलट, नोंदच न करणाऱ्या पाळीला त्याचा तोटा होत नाही. त्या लाइनवर रात्रीचा ऑपरेटर सर्वांत काटेकोर नोंदी ठेवत असे आणि तक्त्यावर त्याचीच पाळी सतत तळाला दिसत असे. काही महिन्यांनी त्याच्याही नोंदी कमी झाल्या. त्यात त्याचा दोष होता असे मी मानत नाही.

त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात अडवणूक काढण्यापासून करावी. `MIN` काढून टाकावे, थेट गुणाचा स्तंभ जोडावा आणि तिन्ही दरांचा गुणाकार त्याच्याशी जुळतो का ते प्रत्येक ओळीत पाहावे. जुळत नसेल, तर एखाद्या दराच्या सूत्रात अजून अडवणूक आहे, किंवा उपलब्धता आणि कामगिरी वेगवेगळ्या सेलमधून चालू वेळ घेत आहेत. दुसरा प्रकार ओळ कॉपी करताना सेलचा संदर्भ सरकल्यामुळे होतो आणि डोळ्यांना सहज दिसत नाही. कामगिरीसाठी एकूण नगांऐवजी चांगले नग घेतले असतील, तरीही मेळ बसत नाही, कारण मग खराब नगांची वजावट दोनदा होते.

गुणाकार जुळला आणि तरीही कामगिरी १०० च्या वर असेल, तर कारण बंद वेळेच्या नोंदीत तरी असते किंवा आदर्श सायकल टाइममध्ये तरी असते. हे दोन दोष वेगळे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. ज्यात एकही नोंद नाही, सुट्टी नाही आणि लाइन सलग चालली आहे, असा पाळीतला एक तास निवडावा व त्या तासाचे काउंटरचे आकडे घ्यावेत. ३० सेकंदांचा आदर्श टाइम खरा असेल, तर त्या तासात १२० पेक्षा जास्त नग निघणे शक्य नाही. बंद वेळेच्या नोंदीचा या आकड्याशी काहीही संबंध नसल्यामुळे, १२० ओलांडले गेले तर दोष आदर्श टाइमचाच ठरतो. एका फटक्यात दोन नग काढणारी डाय असेल, तर काउंटर फटके मोजतो की नग, हे मात्र आधी पाहून घ्यावे. जुन्या नोंदींवरूनही अंदाज येतो. कामगिरीच्या १०० वरच्या ओळी बंद वेळ जास्त असलेल्या पाळ्यांमध्ये गोळा होत असतील, तर संशय नोंदीवर जातो. त्या एकाच उत्पादनाच्या दिवशी, सर्व पाळ्यांमध्ये दिसत असतील, तर संशय सायकल टाइमवर जातो.

आमच्या प्रकरणात दोन्ही दोष एकत्र होते. हे नेहमीचेच आहे, म्हणून पहिला दोष सापडला की शोध थांबवू नये.

त्या पाळीत बंद वेळेच्या चार नोंदी होत्या. तेलगळतीची दुरुस्ती २३:४० ते ००:२५, म्हणजे ४५ मिनिटे. डाय बदलणे ०२:४५ ते ०३:२५, म्हणजे ४० मिनिटे. माल नसल्याने थांबा ०५:१० ते ०५:३०, म्हणजे २० मिनिटे. सेन्सर बिघाड ०५:१८ ते ०५:३०, म्हणजे १२ मिनिटे. बेरीज ११७. प्रत्येक नोंद आपल्या जागी खरी आहे, पण त्या एकमेकींवर चढलेल्या आहेत. जेवणाची सुट्टी ०३:०० ते ०३:३० होती, त्यामुळे डाय बदलण्याची २५ मिनिटे सुट्टीतच गेली होती. सुट्टी नियोजित वेळेतून आधीच वजा झालेली असताना तीच २५ मिनिटे बंद वेळ म्हणून पुन्हा वजा झाली. सेन्सरची १२ मिनिटे पूर्णपणे माल नसण्याच्या २० मिनिटांच्या आत होती. माल नसल्याची नोंद ऑपरेटरने केली होती आणि सेन्सरची मेंटेनन्सच्या माणसाने. लाइन एकदाच थांबली होती, पण शिटने ती दोनदा थांबवली. खरी बंद वेळ ४५, १५ आणि २० मिळून ८० मिनिटे होती.

मध्यरात्र ओलांडणारी पहिली नोंदही सूत्राची परीक्षा पाहते. शिट एका दिवसाला १ धरून वेळ त्याच्या अपूर्णांकात साठवते, म्हणून केवळ वेळ लिहिलेली असताना ००:२५ मधून २३:४० वजा केले की उत्तर ऋण येते. एक्सेल अशा ऋण वेळेच्या जागी नेहमीच्या रचनेत `#####` दाखवते आणि मग कोणी तरी तिथे `ABS` लावून ती चिन्हे घालवतो. असे केले, की ४५ मिनिटांचा थांबा १३९५ मिनिटांचा होतो. केवळ वेळ लिहिण्याची पद्धत मोडता येत नसेल, तर थांब्याची सुरुवात `B2` मध्ये आणि शेवट `C2` मध्ये धरून हे सूत्र चालते:

```
=MOD(C2-B2,1)*1440
```

माझा सल्ला मात्र सुरुवात आणि शेवट या दोन्ही सेलमध्ये तारखेसह वेळ लिहिण्याचा आहे. `MOD` चोवीस तासांहून मोठा थांबा ओळखू शकत नाही. शिवाय सुरुवात व शेवट चुकून उलटे भरले गेले, तर तक्रार न करता एक मोठा आकडा देऊन मोकळे होते. तारखेसह वेळ असेल, तर उलटी नोंद ऋण येते आणि चूक उघड दिसते.

नोंदींचे एकमेकींवर चढणे काढण्यासाठी थांब्यांचे वेगळे पान ठेवावे. पहिल्या ओळीत शीर्षके, `B` स्तंभात सुरुवात, `C` स्तंभात शेवट, आणि `H1` व `H2` मध्ये सुट्टीची सुरुवात व शेवट, सर्व तारखेसह. ओळी सुरुवातीच्या वेळेनुसार चढत्या क्रमाने लावलेल्या असल्याच पाहिजेत. क्रम मोडला, तर पुढची सूत्रे चुकीची बेरीज देतील.

```
D2: =MAX(B2,MAX(C$1:C1))
E2: =(MAX(0,C2-D2)-MAX(0,MIN(C2,$H$2)-MAX(D2,$H$1)))*1440
```

ही दोन सूत्रे खाली ओढत न्यावीत. `D` स्तंभ सांगतो, की आधीचे सर्व थांबे जिथवर पोहोचले आहेत, त्यानंतर हा थांबा कुठून मोजायचा. `E` स्तंभ तिथपासूनची मिनिटे घेऊन त्यातून सुट्टीवर पडणारा भाग वगळतो. वरच्या चार ओळींसाठी उत्तरे ४५, १५, २० आणि ० येतात. सेन्सरच्या ओळीपुढे शून्य आले म्हणून ती ओळ पुसू नये. मिनिटे पहिल्या कारणाच्या नावावर जमा झाली आहेत, परंतु त्या वेळी सेन्सरही बिघडला होता ही माहिती मेंटेनन्सला हवी असते. पाळीत दोन सुट्ट्या असतील, तर दुसरीसाठी तसाच एक वजावटीचा भाग जोडावा लागतो.

दुरुस्त बंद वेळेने चालू वेळ ३७० मिनिटे झाली, उपलब्धता ८२.२ टक्के आणि कामगिरी ९७.३ टक्के. गुण आधीइतकाच, ७८ टक्के. इथे बहुतेकजण समाधानाने थांबतात, कारण आकडा १०० च्या खाली आला. परंतु ९७.३ हासुद्धा संशयास्पद आकडा आहे. ही मोजपद्धती रूढ करणारे सेइची नाकाजिमा यांनी आदर्श स्थितीसाठी सुचवलेली पातळी उपलब्धतेला ९०, कामगिरीला ९५ आणि गुणवत्तेला ९९ टक्के अशी आहे, आणि तिन्हींचा गुणाकार सुमारे ८५ येतो. ज्या लाइनवर छोटे अडथळे रोज दिसतात, तिची कामगिरी त्या आदर्शाच्याही वर असेल, तर मोजपट्टीच सैल असली पाहिजे.

म्हणून तासाची परीक्षा केली. ०३:३५ ते ०४:३५ या नोंदविरहित तासात काउंटरने १२८ नग दाखवले, म्हणजे ३० सेकंदांचा टाइम आदर्श नव्हता. तो आला कुठून हे शोधताना कळले, की शिट बनवणाऱ्याने उत्पादन नियोजनाच्या यादीतला प्रमाणित वेळ उचलला होता. प्रमाणित वेळेत थकवा आणि वैयक्तिक गरजांसाठी सूट धरलेली असते, जी मनुष्यबळाच्या हिशेबासाठी योग्यच आहे. पण ओईईमध्ये आदर्श टाइम म्हणजे चांगला नग देत यंत्र सातत्याने गाठू शकते तो सर्वांत कमी वेळ. त्यात सूट मिसळली, की गतीचे नुकसान आधीच माफ होते आणि शिटवर ते कधीच दिसत नाही. आम्ही तीन दिवस, वेगवेगळ्या पाळ्यांमध्ये, सलग तीस सायकली स्टॉपवॉचने मोजल्या. पुन:पुन्हा येणारा कमी वेळ २७ सेकंद होता. त्यात दहा टक्के सूट मिळवून पूर्णांक केला, की यादीतले ३० सेकंद मिळतात. एक सायकल २४ सेकंदांचीही मिळाली, पण ती पुन्हा दिसली नाही, म्हणून तिला आधार मानले नाही. एखाद्याच वेळी दिसलेला वेळ आदर्श मानला, तर ज्या गतीने लाइन चालूच शकत नाही, तिच्याशी रोज तुलना होत राहते.

२७ सेकंदांनी ७२० नगांचा आदर्श वेळ ३२४ मिनिटे होतो. कामगिरी ३२४ भागिले ३७०, म्हणजे ८७.६ टक्के आली. गुण ८२.२, ८७.६ आणि ९७.५ यांच्या गुणाकाराने ७०.२ टक्के झाला आणि थेट गुणही ३१५.९ भागिले ४५०, म्हणजे तेवढाच आला. आदर्श टाइमची चूक छाटली जात नाही. ती सरळ गुणात उतरते, आणि बंद वेळेच्या चुकीपेक्षा तिचे वेगळेपण हेच आहे.

आता ४५० मिनिटांचा जमाखर्च मांडून पाहावा. ८० मिनिटे लाइन थांबली, ४६ मिनिटे गती कमी असल्याने गेली, ८.१ मिनिटे खराब नगांवर गेली आणि ३१५.९ मिनिटांत चांगला माल निघाला. चारही आकड्यांची बेरीज नेमकी ४५० होते. जुनी अडवलेली शिट मात्र ११७ मिनिटे थांबे आणि गतीचे नुकसान शून्य असे सांगत होती. त्या आकड्यांवर विश्वास ठेवून सर्व लक्ष मेंटेनन्सवर दिले जात होते, आणि नग अडकणे, हाताने सरळ करणे, फीडरची गती कमी ठेवणे यांत प्रत्येक पाळीला जाणारी पाऊण तासाची गती कोणाच्याच चर्चेत नव्हती. जुन्या शिटचा ७२.२ हा गुण खऱ्या ७०.२ च्या जवळ होता हे खरे, पण दोन उलट दिशांच्या चुका योगायोगाने एकमेकींना झाकत होत्या. दुसऱ्या पाळीत थांबे कमी असतील, तर त्याच शिटमधला फरक कितीतरी मोठा निघतो.

पाळीत एकाहून अधिक उत्पादने चालत असतील, तर आदर्श टाइमची सरासरी घेऊ नये. प्रत्येक उत्पादनाचे नग त्याच्या स्वतःच्या टाइमने गुणून बेरीज करावी. `J` स्तंभात नग आणि `K` स्तंभात सेकंद असतील, तर आदर्श मिनिटे अशी मिळतात:

```
=SUMPRODUCT(J2:J6,K2:K6)/60
```

दिवसाचा गुण काढतानाही हेच तत्त्व पाळावे. ४५० मिनिटांच्या एका पाळीचा गुण ८० आणि १५० मिनिटांच्या छोट्या पाळीचा ४० असेल, तर साधी सरासरी ६० येते. खरे उत्तर चांगल्या मिनिटांच्या बेरजेतून येते: ३६० अधिक ६०, भागिले ६००, म्हणजे ७० टक्के. सर्व पाळ्यांची नियोजित वेळ सारखी असेल तेव्हाच ओईईची साधी सरासरी चालते. कामगिरी आणि गुणवत्तेची साधी सरासरी मात्र तेव्हाही चुकू शकते, कारण त्यांचे छेद पाळीगणिक वेगळे असतात.

एक मर्यादा या दुरुस्तीनंतरही राहते. पाच मिनिटांपेक्षा लहान थांबे नोंदवायचे नाहीत असा नियम असेल, तर ते गतीच्या नुकसानीत जातात. एक पाळी पाच मिनिटांचा नियम पाळते आणि दुसरी दोन मिनिटांचे थांबेही लिहिते, असे असेल, तर दोघींचा गुण तुलनीय राहतो, पण उपलब्धता आणि कामगिरी तुलनीय राहत नाहीत. ही सीमा सर्व पाळ्यांसाठी एकच ठरवून शिटच्या वर लिहून ठेवावी.

सायकल टाइम बदलल्यावर गुण ७८ वरून ७०.२ वर आला, तेव्हा बैठकीत पहिला प्रश्न लाइन अचानक का ढासळली हा होता. म्हणून बदलाची तारीख, जुना टाइम व नवा टाइम एका वेगळ्या पानावर नोंदवावा आणि मागच्या महिन्यांचे थेट गुण नव्या टाइमने पुन्हा काढावेत. त्यासाठी बंद वेळेच्या जुन्या, अविश्वसनीय नोंदींची गरज नाही, फक्त चांगले नग आणि नियोजित वेळ पुरेशी असते. जुन्या महिन्यांची उपलब्धता आणि कामगिरी यांची फोड मात्र आता दुरुस्त होणार नाही, ती जशी आहे तशीच ठेवून तिच्यावर खूण करावी. `MIN` च्या जागी पुढच्या स्तंभात केवळ इशारा द्यावा. इथे `G2` मध्ये कामगिरी दर आहे:

```
=IF(G2>1,"तपासा","")
```

इशारा दिसलेल्या पाळीची नोंद सुपरवायझरने त्याच दिवशी ऑपरेटरसोबत बसून पाहावी, कारण ०३:०० ला सुट्टी सुरू होताना डाय अर्धी उघडी होती का, हे आठवड्याने विचारले तर कोणालाच आठवत नाही.